ॲप्टिट्यूडलाच उडतोय, जीडीपर्यंत पोचतच नाही

“मॅडम, बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तीन कंपन्या आल्या, दोनदा ॲप्टिट्यूडलाच उडालो, एकदा ग्रुप डिस्कशनला, जीडीला गेलो तर तोंडच उघडलं नाही. बारावीपर्यंत गणितात पहिला होतो. मला आता गणित येईनासं झालंय का?”

हा मुलगा बार्शीकडचा, कर्वेनगरला तिघांत एक खोली घेऊन राहणारा. आला तेव्हा पाठीवरच्या सॅकमधे ॲप्टिट्यूडचं जाडजूड पुस्तक होतं, दोनदा संपवलेलं. मी म्हटलं पुस्तक ठेव बाजूला, इथेच समोर बसून एक मॉक दे. तीस प्रश्न, चाळीस मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. मी फक्त मागे बसून घड्याळ बघत होते आणि तो कुठल्या प्रश्नाला किती वेळ देतोय ते लिहीत होते.

१९ सोडवले, १६ बरोबर. म्हणजे गणित कुठेही गेलेलं नव्हतं. पण गोल टेबलाभोवती आठ जण बसलेत तो सीटिंग अरेंजमेंटचा सेट आला आणि त्या तीन प्रश्नांना पठ्ठ्याने नऊ मिनिटं दिली. सगळ्या पेपरचा हिशोब प्रश्नाला ८० सेकंद, आणि हा एकाच सेटला ५४० सेकंद देऊन बसला. शेवटचे सहा प्रश्न त्याने बघितलेच नाहीत. त्यातले चार टक्केवारी आणि सरासरीचे होते, त्याच्या डाव्या हाताचा मळ! मधले पाच पण कोरेच, कारण ‘येत नाही तर कशाला ठोकायचं’. अरे, निगेटिव्ह नाहीये तर ठोकायचंच की.

बोर्डाच्या परीक्षेची सवय असते ना, स्टेप्स लिहा, घेतलेलं उदाहरण पूर्ण करा, ती इथे नडते. काम आणि वेळाचं गणित बघा, एक जण १२ दिवसात काम करतो, दुसरा १८ दिवसात, मिळून किती? हा एक छेद बारा अधिक एक छेद अठरा करत बसला. मी म्हटलं काम ३६ विटा धर (दोघांचा लसावि), एक रोज ३ लावतो, दुसरा २, मिळून ५, छत्तीसला पाचाने भाग, ७.२ दिवस. पेन न उचलता होतं.

मग नियम एकच ठरवला. प्रश्न वाचून वीस-एक सेकंदात रस्ता दिसला नाही तर पुढे, आणि सेट सगळ्यात शेवटी. मात्र आधी सूचनांचं पान नीट वाचायचं, कारण काही टेस्टमधे मागे जाता येत नाही, तिथे अंदाजाने टिक करून पुढे सरकायचं, आणि काहींमधे प्रत्येक सेक्शनचा टायमर वेगळा असतो, मग क्वांटमधे वाचवलेला वेळ व्हर्बलला मिळत नाही. प्रत्येक मॉकनंतर चुकलेल्या प्रश्नासमोर वहीत कारण लिहायचं: येत नव्हतं, घाईत चुकलं, की वेळच उरला नाही. पहिल्या आठवड्यात तिसरंच कारण पानभर. महिनाभराने ते जवळजवळ गेलं आणि ‘येत नव्हतं’मधे फक्त प्रोबॅबिलिटी उरली, मग पुस्तकातला तेवढाच धडा काढला.

जीडीचं दुखणं वेगळं. तो मनात मराठीत वाक्य जुळवायचा, त्याचं इंग्रजी करायचा, तोवर विषय पुढे गेलेला. दहा जण आणि बारा मिनिटं असली तर प्रत्येकाच्या वाट्याला फार तर मिनिट-सव्वा मिनिट, म्हणजे दोन-तीनदा बोलला तरी पुष्कळ. सगळ्यात आधी बोलायचा हट्ट मला पटत नाही, विषय कळला नसेल तर सुरुवात करणाराच आधी फसतो.

खोलीतल्या दोघांना आणि मेसमधल्या तिघांना धरून रोज रात्री जेवण झाल्यावर एक विषय, मोबाईल मधे ठेवून रेकॉर्डिंग. पहिला विषय घरून काम की ऑफिस. रेकॉर्डिंगमधे हा दहा मिनिटांत एकदाच, तेही ‘आय ऑल्सो थिंक सेम’. मग शिकवलं की समोरच्याचा शेवटचा मुद्दा पकडून आत शिरायचं, तो प्रवासाचा वेळ वाचतो म्हणाला की लगेच आपलं उदाहरण: माझा चुलतभाऊ हिंजवडीला जातो, जाऊन-येऊन तीन तास. स्वतःचं बघितलेलं असलं की भाषांतर करावं लागत नाही, साधं मोडकंतोडकं इंग्रजी आपोआप येतं, आणि साधं इंग्रजी चालतं.

चौथ्या कंपनीत ॲप्टिट्यूड निघालं, जीडीत तो तीनदा बोलला, टेक्निकल इंटरव्ह्यूत गेला. डीबीएमएसमधे जॉईन्स विचारले आणि गप्प बसला. रात्री फोन आला, “मॅडम, वहीत चौथं कारण टाकू का?” मी म्हटलं टाक, पण नवीन पानावर.