अक्षता, अंतरपाट आणि २५ फ्रेमांतले स्लो मोशन

प्रश्न: लग्नाचे शूटिंग २५ फ्रेमने केलेले आहे. एडिटिंगमध्ये २५ टक्के वेगाने स्लो मोशन केले की हात आणि अक्षता फासल्यासारख्या दिसतात. फ्रेम ब्लेंडिंग ठेवू की ऑप्टिकल फ्लो?

उत्तर:

अक्षतांपुरते बोलायचे तर दोन्हींपैकी काहीही ठेवा, त्या बिघडणारच. ब्लेंडिंगमध्ये त्या दुप्पट दिसतील आणि ऑप्टिकल फ्लोमध्ये एकमेकींत विरघळतील. चेहऱ्यांचे आणि हातांचे उत्तर थोडे वेगळे आहे, ते पुढे येईलच. मी इंदूरमध्ये लग्नांचे एडिटिंग करतो आणि नेमक्या याच क्षणावरून आमच्या घरात जुना वाद आहे, त्यामुळे उत्तर लांबले तर समजून घ्यावे.

रामबागेतल्या एका कुटुंबातले लग्न होते. कॅमेरा भाऊजींचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचा, आणि एडिटिंग माझ्याकडे. शेवटच्या मंगलाष्टकानंतर अंतरपाट बाजूला होतो, चारी बाजूंनी अक्षता पडतात आणि वधू नजर वर करते, एवढाच भाग चौपट सावकाश करून द्यावा अशी वधूच्या वडिलांची इच्छा होती. क्लिप २५ फ्रेमची आणि शटर १/५० होते. मी ती करून दाखवली तेव्हा ते म्हणाले की तांदूळ पाण्यात टाकल्यासारखे का दिसतात, आणि माझ्याआधी भाऊजींनी उत्तर देऊन टाकले की शूटिंग उत्तम आहे, एडिटिंगमध्ये काहीतरी बिघडले. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

काय बिघडले होते ते एका दाण्यावरून पाहता येते. वधूवरांभोवतीची तीनेक मीटर रुंदीची जागा १९२० पिक्सेलच्या चित्रात मावली असेल, तर एका मीटरला ६४० पिक्सेल मिळतात आणि सहा मिलिमीटरचा तांदळाचा दाणा जेमतेम चार पिक्सेलचा होतो. फेकलेल्या अक्षतेचा वेग सेकंदाला चार मीटर धरला, तर एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत तो दाणा सुमारे १०० पिक्सेल सरकतो. म्हणजे तो स्वतःच्या आकाराच्या पंचवीसपट अंतर ओलांडून जातो आणि मधल्या प्रवासाची कोणतीही नोंद क्लिपमध्ये नसते. २५ टक्के वेग ठेवला की दर दोन खऱ्या फ्रेमांमध्ये तीन नव्या फ्रेमा घालाव्या लागतात, आणि त्या तिन्ही सॉफ्टवेअरने रचलेल्या असतात.

फ्रेम ब्लेंडिंग त्या तीन फ्रेमा केवळ मिसळून तयार करते. पहिल्या फ्रेममध्ये आधीचे चित्र ७५ टक्के आणि पुढचे २५ टक्के असते, दुसरीत दोन्ही निम्मी, तिसरीत पहिलीच्या उलट. कोणतीही वस्तू कुठेही हलत नाही. एका जागी ती फिकट होत जाते आणि दुसऱ्या जागी उमटत जाते. म्हणून हाताला दुसरा हात दिसतो. शिवाय दर चौथी फ्रेम स्वच्छ आणि मधल्या तीन मऊ असल्यामुळे चित्राचा तजेला सेकंदाला सहा-सात वेळा येतो आणि जातो, आणि डोळ्याला ती कंपने जाणवतात.

ऑप्टिकल फ्लो दोन फ्रेमांतला प्रत्येक भाग कुठून कुठे गेला याचा अंदाज बांधते आणि त्या मार्गावर मधली जागा ठरवून तिथे तो भाग सरकवते. त्यासाठी तोच भाग दुसऱ्या फ्रेममध्ये ओळखू यावा लागतो. चार पिक्सेलचे, एकसारखे, शेकडो दाणे १०० पिक्सेल दूर गेलेले असताना कोणता दाणा कोणता हे ओळखणे शक्य नसते. तेव्हा ते शेजारच्याच एखाद्या दाण्याशी जोडी जमवते, किंवा दाण्याला मागच्या शालूचा भाग समजून शालूबरोबरच ओढते. पाण्यातले तांदूळ इथून येतात.

अंतरपाटाची अडचण आणखी वेगळी आहे. पाट बाजूला सरकताना त्याच्या कडेशी वधूच्या चेहऱ्याची एक पट्टी नव्याने उघडी पडते. ती पट्टी पुढच्या फ्रेममध्ये आहे, आधीच्या फ्रेममध्ये नाही, त्यामुळे तिची जोडी कुठेच सापडत नाही. मग कडेजवळचा गाल पाटाबरोबर ताणला जातो आणि पुढची खरी फ्रेम आली की झटकन जागेवर बसतो. त्यातच पाटाचे पांढरे कापड सपाट असते. त्यात ओळखीची खूण नसल्यामुळे ते किती सरकले हे सॉफ्टवेअरला कळत नाही. मध्यभागी काढलेल्या लाल स्वस्तिकाला मात्र ठळक कडा असतात, म्हणून ते बरोबर सरकते आणि भोवतालचे कापड मागे राहते. आमच्या क्लिपमध्ये स्वस्तिकाच्या एका भुजेला चक्क बाक आला होता.

आता तिसरे कारण, जे बहुतेक जण विचारातच घेत नाहीत. १/५० शटर उघडे असते तेवढ्या वेळात तो दाणा ५० पिक्सेल चालतो, म्हणून खऱ्या फ्रेममध्येसुद्धा तो दाणा नसतो, ५० पिक्सेलची रेघ असते. नेहमीच्या वेगात हे शोभून दिसते, कारण फ्रेमागणिक सरकणे १०० पिक्सेलचे आणि रेघ त्याच्या निम्मी असते. चौपट सावकाश केल्यावर सरकणे २५ पिक्सेलवर येते, पण रेघ पन्नासचीच राहते. वस्तू सावकाश चालते आहे आणि तिच्यावरचा पुसटपणा मात्र वेगाने जाणाऱ्या वस्तूचा आहे, हे न जुळणारे नाते डोळ्याला फासल्यासारखे वाटते. यावर ब्लेंडिंग काही करू शकत नाही आणि ऑप्टिकल फ्लोही नाही.

तुमच्या क्लिपमध्ये यांपैकी काय घडले आहे ते एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहावे, आणि तेही रेंडर केल्यानंतर, कारण प्रीमियरमध्ये ऑप्टिकल फ्लोचा खरा परिणाम रेंडर केल्याशिवाय दिसत नाही. मधल्या फ्रेमांत फिकट जोडचित्रे असतील तर ते ब्लेंडिंग आहे. कडा वाकत असतील किंवा हाताबरोबर मागची झालर ओढली जात असेल तर ते ऑप्टिकल फ्लो आहे. दर चौथी फ्रेमही रेघाळलेली असेल तर दोष शटरचा आहे. आणि वेग न बदलता मूळ क्लिप पाहतानाच जोडचित्रे दिसली, तर ती क्लिप आधीच कोणीतरी ३० फ्रेमची २५ करताना मिसळून बाहेर काढलेली आहे. तेव्हा कार्डावरची मूळ फाइल मागून घ्यावी, कारण त्या मिसळलेल्या फ्रेमा पुन्हा सुट्या होत नाहीत.

तुमच्या हातात आहे त्या क्लिपसाठी मी असे करीन. वेग ५० टक्क्यांच्या खाली नेणार नाही, म्हणजे दर खऱ्या फ्रेममागे एकच रचलेली फ्रेम येईल. एकाच क्लिपच्या दोन प्रती एकावर एक ठेवीन, खालची `Optical Flow` वर आणि वरची `Frame Blending` वर, आणि वरच्या प्रतीला मऊ कडांचा मास्क लावून ती फक्त अक्षतांच्या भागात दिसू देईन. ब्लेंडिंगमध्ये दाणे दुप्पट दिसतात, पण अक्षतांचा वर्षाव दाट झालेला कोणाला खटकत नाही. वितळलेला चेहरा मात्र सगळ्यांना खटकतो. चेहऱ्यासमोरून पडणाऱ्या दाण्यांवर हा उपाय चालत नाही, तिथे शॉट कापावा. अंतरपाट सरकतानाचा भाग नेहमीच्या वेगात जाऊ द्यावा आणि पाट चौकटीबाहेर गेल्यावर, वधू नजर वर करते तेव्हा, वेग उतरवावा. चेहरा सावकाश हलतो, त्याला कडा आहेत, पोत आहे. तिथे ऑप्टिकल फ्लो छान काम करते. रामबागेच्या लग्नात शेवटी मी हेच केले आणि वधूच्या वडिलांना ते पसंत पडले.

पण मुळात असा क्षण २५ फ्रेमने घेऊच नये, हे माझे स्पष्ट मत आहे. ५० फ्रेमने घेतलेली क्लिप २५ च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने चालवली तर एकही फ्रेम रचावी लागत नाही. प्रीमियरमध्ये `Interpret Footage` मध्ये जाऊन क्लिपला २५ फ्रेमची समजायला सांगितले की प्रत्येक फ्रेम खरी असते आणि ब्लेंडिंग की फ्लो हा प्रश्नच उरत नाही.

यावर भाऊजींचे तीन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा की ५० फ्रेमला प्रकाश कमी पडतो. प्रकाश शटरने कमी होतो, फ्रेमांच्या संख्येने नव्हे. ५० फ्रेमलाही शटर १/५० ठेवता येते आणि चित्र तेवढेच उजळ येते; फक्त रेघ आखूड होत नाही. १/१०० केले तर रेघ निम्मी होते आणि एक स्टॉप प्रकाश जातो, जो गार्डनमधल्या मंडपाच्या दिव्यांत बहुधा परवडतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळे १/५० आणि १/१०० दोन्ही शटरांना दिव्यांची लुकलुकही सहसा येत नाही. दुसरा आक्षेप आवाजाचा. कॅमेऱ्याच्या खास स्लो मोशन मोडमध्ये अनेकदा आवाज नोंदला जात नाही हे खरे आहे, आणि मंगलाष्टके गमावून कोणाला चालणार नाही. पण मी तो मोड मागतच नाही. साधे ५० फ्रेमचे रेकॉर्डिंग आवाजासकट होते, आणि सावकाश करायचे की नाही ते नंतर टेबलावर ठरवता येते. तिसरा आक्षेप कार्ड लवकर भरते हा. त्यात थोडे तथ्य आहे, परंतु पूर्ण लग्न ५० फ्रेमने घ्यावे असे मी कधीच म्हटलेले नाही. शेवटच्या मंगलाष्टकापासून हार घालेपर्यंतची काही मिनिटे पुरतात. "स्लो मोशन हे टेबलाचे काम आहे" हे त्यांचे वाक्य त्या काही मिनिटांपुरते तरी चूक आहे.

दोन गोष्टी जोडतो, नाहीतर मी ऑप्टिकल फ्लोचा वैरी आहे असा समज होईल. ५० फ्रेमची क्लिपसुद्धा चौपट सावकाश करायची म्हटली तर दर खऱ्या फ्रेममागे एक रचावी लागतेच आणि दाण्याची उडी ५० पिक्सेलची उरते, तेव्हा अक्षतांचा त्रास कमी होतो, संपत नाही. उलट लालबाग पॅलेससमोर गिंबलवर घेतलेला, वधूवर संथ चालत येतानाचा शॉट २५ फ्रेमचा असूनही मी चौपट सावकाश केलेला आहे आणि त्यात कुठेही कड हललेली दिसत नाही, कारण तिथे कोणतीच गोष्ट फ्रेमागणिक चार-सहा पिक्सेलांहून जास्त सरकत नव्हती. आपली क्लिप थांबवून हाताचे टोक एका फ्रेममध्ये किती पिक्सेल सरकते ते आधी मोजावे. ते स्वतः हाताच्या रुंदीपेक्षा जास्त निघाले, तर वेग बदलण्यात वेळ घालवू नये.