हळदीच्या फोटोतला काळा झब्बा पिवळा करताना

प्रश्न: हळदीच्या ग्रुप फोटोत दाजी काळ्या झब्ब्यात उभे आहेत. घरच्यांना तो पिवळा हवाय. फोटोशॉपमध्ये Hue कितीही फिरवला तरी झब्बा काळाच राहतो. काय करू?

उत्तर: आधी झब्बा उजळ राखाडी करा, रंग त्यानंतर चढवा. Hue फक्त असलेला रंग फिरवतो. काळ्या कापडात लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे जवळपास सारखे आणि अगदी लहान असतात, मग फिरणार काय? Color मोडमध्ये पिवळा टाकूनही भागत नाही, कारण तो मोड खालचा उजेड जसाच्या तसा ठेवतो.

सांगलीत मी अल्बमचं काम करतो. शुभकार्यात काळं नको म्हणून हे काम लग्नसराईत हमखास येतं. परवाच्या एका झब्ब्यावर Info पॅनेलमध्ये चुणीच्या वरच्या कडेला ६०, मध्ये २५ आणि खोल घडीत ८ असे आकडे दिसत होते. म्हणजे २५५ पैकी सगळा झब्बा खालच्या पाव भागातच बसला होता. फक्त झब्ब्याचा मास्क करून त्यावर Levels लावलं, उजवा पांढरा बाण ७० वर आणला आणि मधला १.५० केला. तेच आकडे साधारण २३०, १२८ आणि ६० झाले, चुण्या मोकळ्या दिसू लागल्या.

त्यावर त्याच मास्कने Gradient Map लावा. पिवळ्यासाठी मला Multiply आवडत नाही, त्यात सावल्या शेवाळी होतात. Gradient च्या डाव्या टोकाला काळा न ठेवता दाट केशरी-तपकिरी ठेवा, मध्ये हळदीचा पिवळा, उजवीकडे फिकट पिवळा. उजेडाप्रमाणे रंग बसतो, आणि काळोख उपसताना वर येणारे लाल-निळे ठिपकेही त्यातच जातात.

एवढं करून सुती झब्बा साटीनसारखा चमकायला लागला, तर दचकू नका. काळ्या कापडावर उजळ दिसतं ती बरीचशी वरवरची चकाकी असते, आपण तीच ताणलेली असते. Gradient च्या उजव्या टोकाचा रंग मधल्या पिवळ्याच्या जवळचा करा, चमक बसते. गळ्याशी आणि बाहीच्या कडेला काळी रेघ राहिली तर मास्क एखादा पिक्सेल बाहेर सरकवा. हनुवटीखाली अगदी हलका पिवळा उजेड द्या, नाहीतर झब्बा चिकटवल्यासारखा वाटतो.

हे सगळं करायच्या आधी फोटोग्राफरकडून RAW मागून घ्या आणि १६ बिटमध्ये उघडा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत घड्यांऐवजी चौकोन वर येतात. घडीत आणि चुणीवर, दोन्हीकडे Info मध्ये शून्यच दिसत असेल तर तिथे उपसायला काही शिल्लक नाही. मग त्याच कार्यक्रमातला, तशाच उजेडातला दुसऱ्या कुणाचा फिका झब्बा शोधून त्याच्या चुण्या आणून बसवाव्या लागतील.