वय ५३ आणि रिक्रूटरला मेल: वयाचं काय लिहायचं?

प्रश्न: वय ५३, चाकणला ॲल्युमिनियम डाय कास्टिंगच्या कंपनीत क्वालिटी मॅनेजर होतो. युनिट दुसऱ्या राज्यात हललं, मी घरच्यांमुळे इथेच राहिलो. कन्सल्टन्सीच्या मॅडमशी फोन चांगला झाला पण शेवटी म्हणाल्या, "सर, क्लायंट जरा यंग प्रोफाइल बघतोय, तरी तुम्ही मेल टाका." ड्राफ्टमध्ये मी लिहिलंय, "वय हा फक्त आकडा आहे, ३० वर्षांचा दांडगा अनुभव आहे, आजही तरुणांच्या उत्साहाने काम करतो आणि नवीन शिकायला तयार आहे." गेल्या वर्षी पॉवर बीआय शिकून रिजेक्शनचा डॅशबोर्ड केला, एफएमईए नव्या हँडबुकप्रमाणे बदलले, प्लांट हेड माझ्यापेक्षा १२ वर्षांनी लहान होता, पण हे काही लिहिण्यासारखं वाटलं नाही. शेवटचा पगार २२ लाख. वयाचा विषय काढू की गप्प बसू?

उत्तर:

जे लिहिण्यासारखं वाटलं नाही म्हणताय ना, तेवढंच लिहायचं, आणि ड्राफ्टमधलं ते वाक्य पूर्ण उडवायचं. मी बरीच वर्षं पुणे पट्ट्यात ऑटो कंपोनंटवाल्यांसाठी माणसं शोधायचं काम करतोय, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून सांगतो.

आधी त्या मॅडमची अडचण समजून घ्या. त्यांना पैसे तुम्ही जॉइन झाल्यावरच मिळतात, साधारण वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के म्हणजे एक महिन्याचा पगार, आणि बहुतेक ॲग्रीमेंटमध्ये ९० दिवसांची वगैरे रिप्लेसमेंट असते, म्हणजे माणूस मध्येच सोडून गेला तर त्यांनी फुकटात दुसरा शोधून द्यायचा. तुमचा मेल त्या स्वतः फार तर अर्धा मिनिट वाचणार आणि त्यातल्या दोन-तीन ओळी उचलून क्लायंटच्या एचआरला पुढे ढकलणार. म्हणजे खरा वाचक तिकडचा एचआर किंवा प्लांट हेड आहे, जो तुमच्याशी बोललेलाच नाही. "वय हा फक्त आकडा आहे" ही ओळ त्या पुढे कशी पाठवतील? उलट ज्याच्या डोक्यात वय नव्हतं त्याच्याही डोक्यात ते येईल.

आणि "यंग प्रोफाइल" म्हणजे क्लायंटला काय म्हणायचं असतं, तर माझ्या अनुभवात त्यामागे चार शंका असतात. हा माणूस जुन्या पद्धतीला चिकटून बसेल का, चाळिशीतल्या बॉसचं ऐकेल का, पगार झेपेल का, आणि किती वर्षं टिकेल. यातली एकही शंका उत्साहाने फिटत नाही, पुराव्याने फिटते. तुमच्याकडे चारही उत्तरं आहेत.

पहिलीवर जरा वेळ घालवतो कारण क्वालिटीवाल्यांचं वय जन्मतारखेपेक्षा सीव्हीतल्या शब्दांवरून जास्त कळतं. अजूनही माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी सीव्हींवर वरतीच ठळक अक्षरात टीएस १६९४९ हे ऑटो क्वालिटीचं जुनं स्टँडर्ड असतं. अहो ते २०१६ मध्ये गेलं, आयएटीएफ १६९४९ आलं, आणि सप्टेंबर २०१८ नंतर जुनी सर्टिफिकेटं चाललीच नाहीत. वाचणारा एवढंच म्हणतो की हे गृहस्थ तिथेच थांबलेत. तसंच एफएमईएचं, म्हणजे प्रोसेसमध्ये काय बिघडू शकतं आणि त्याचा धोका किती, याच्या तक्त्याचं. "आरपीएन १०० च्या खाली आणला" असं अभिमानाने लिहिलेलं असतं, तर अमेरिकेतली एआयएजी आणि जर्मनीतली व्हीडीए या ऑटो उद्योगाच्या संघटनांचं एकत्र हँडबुक २०१९ मध्ये आलं त्यात आरपीएन काढूनच टाकलाय, त्याजागी ॲक्शन प्रायॉरिटी आहे, हाय, मीडियम, लो.

हा फरक नुसता नावाचा नाही आणि तुम्हाला तो कळलाय हे एका ओळीत दाखवता येतं. समजा दहापैकी सिव्हिअरिटी म्हणजे परिणामाची तीव्रता ९, ऑकरन्स म्हणजे घडण्याची शक्यता ४, आणि डिटेक्शन २, म्हणजे चूक सहज पकडली जाते. जुन्या हिशोबाने तिघांचा गुणाकार म्हणजे आरपीएन ७२, शंभरच्या आत, फाइल बंद. नव्या तक्त्यात हाच मुद्दा हाय येतो, कारण तिथे आधी सिव्हिअरिटी बघतात, मग ऑकरन्स, मग डिटेक्शन, म्हणजे तपासणी चांगली आहे म्हणून सेफ्टीचा धोका झाकला जात नाही. तुम्ही एफएमईए बदलताना असे मुद्दे नक्की सापडले असणार जे आधी खाली होते आणि नंतर वर आले. त्यातला एक मेलमध्ये टाका. "नवीन शिकायला तयार आहे" हे लिहायची मग गरजच राहत नाही, शिकून वापरलेलं समोर दिसतंय.

पॉवर बीआयचंही तेच. "पॉवर बीआयचं ज्ञान" असं लिहू नका, ते फुकटचा ऑनलाइन कोर्स केलेला कोणीही लिहितो, आणि पन्नाशीनंतर सर्टिफिकेटांची लांबलचक यादी लावली की कामं नाहीत म्हणून कोर्स करत बसलाय असा वास येतो. आधी काय होत होतं, तुम्ही काय केलं आणि त्याने कोणता निर्णय बदलला, एवढंच सांगा. मी खाली नमुना देतोय, त्यातले आकडे मी समजुतीसाठी टाकलेत, तुमचे खरे टाका. मराठीत लिहितोय, पाठवताना तुम्ही इंग्रजीतच पाठवणार. सब्जेक्टमध्ये पोस्टचं नाव, एचपीडीसी म्हणजे हाय प्रेशर डाय कास्टिंग, चाकण आणि "लगेच जॉइन होऊ शकतो" एवढं पुरे.

"नमस्कार मॅडम, आज फोनवर बोललो त्याप्रमाणे सीव्ही जोडला आहे. क्वालिटी मॅनेजर पोस्टसाठी गेल्या दोन वर्षांतली कामं थोडक्यात देतो, क्लायंटला पाठवायला सोपं जाईल.

पोरोसिटीचं रिजेक्शन आधी महिनाअखेरीला एक्सेलमध्ये कळायचं. मी पॉवर बीआयमध्ये शिफ्ट आणि डायप्रमाणे डॅशबोर्ड केला, तो रोज सकाळच्या मीटिंगला उघडला जायचा. त्यातून एकाच डायवर रात्रपाळीत रिजेक्शन वाढतंय हे दिसलं, डाय कूलिंग आणि स्प्रेची सेटिंग दुरुस्त केल्यावर रिजेक्शन ६.८ वरून ४.१ टक्क्यांवर आलं.

सगळे प्रोसेस एफएमईए २०१९ च्या हँडबुकप्रमाणे ॲक्शन प्रायॉरिटीवर आणले. मशिनिंगचा एक मुद्दा जुन्या आरपीएनमध्ये ७२ होता, तो नव्या पद्धतीत हाय आला, तिथे पोकायोके बसवलं.

प्लांट हेड ४१ वर्षांचे होते, त्यांना थेट रिपोर्ट करत होतो. त्यांचा रेफरन्स देऊ शकतो.

शेवटचा सीटीसी २२ लाख, अपेक्षा १९ ते २२ लाख. लगेच जॉइन होऊ शकतो, राहायला चाकणजवळच. पुढची निदान पाच वर्षं याच भागात प्लांटवर काम करायचं आहे. सोयीचं असेल तर डॅशबोर्ड १५ मिनिटांत स्क्रीन शेअर करून दाखवू शकतो."

बस, एवढंच. बघा, यात वय हा विषयच नाही, पण बॉस ४१ चे होते आणि त्यांचा रेफरन्स देतोय या एका वाक्यात दुसरी शंका गेली. मात्र त्यांना आधी फोन करून विचारा, नाहीतर अचानक कॉल गेला की तेही गडबडतात. पगाराच्या जागी "निगोशिएबल" लिहू नका, मॅडमच्या एक्सेलमध्ये तिथे आकड्याचा रकाना असतो, आकडा नसला की त्या २२ च्या वर ३० टक्के धरतात आणि तुम्ही बजेटबाहेर जाता. खालचा आकडा तुम्हाला खरंच चालणार असेल तोच लिहा, नंतर फिरलात तर त्या पुन्हा फोन करणार नाहीत.

पाच वर्षांच्या ओळीबद्दल. बऱ्याच कंपन्यांत रिटायरमेंट ५८ ला आहे, काही ठिकाणी ६०, ते अपॉइंटमेंट लेटरमध्ये असतं. क्लायंटचं ५८ असेल तर तुमच्याकडे पाच वर्षं आहेत, आणि पस्तिशीतला मॅनेजर तीन वर्षांत दुसरीकडे उडी मारतो हे त्यांनाही माहितीये, त्यामुळे हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. फोनवर मॅडमना सरळ विचारा, "तिकडे रिटायरमेंट किती आहे?" उत्तर ५८ आलं तर ओळ अशीच ठेवा, ६० आलं तर "सहा-सात वर्षं" करा.

वय लपवायच्या भानगडीत मात्र पडू नका. पदवीचं वर्ष काढून टाकणारे लोक आहेत, पण पीएफच्या यूएएनला जन्मतारीख असते आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये सगळं निघतं, खोटी तारीख दिली तर ऑफर जाईल. मात्र १९९० च्या दशकातल्या नोकऱ्या एका ओळीत गुंडाळणं यात लपवाछपवी नाही, त्यात कोणाला रस नसतो. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, शेवटी "वरील माहिती खरी आहे" वालं डिक्लरेशन काढा. आणि मेल आयडीत जन्मवर्ष असेल किंवा अजून रेडिफवरच असाल तर नवीन आयडी घ्या, पाच मिनिटांचं काम आहे (रेडिफप्रेमींनी रागावू नये, माझाही एक चालू आहे, पण कामासाठी नाही).

आता हे कुठे चालणार नाही तेही सांगतो. क्लायंटने जेडीमध्ये अनुभव १२ ते १८ वर्षं असा लिहून दिला असेल आणि वरचा माणूस स्वतः अडतिशीचा असेल तर मॅडमनी कितीही रेटलं तरी प्रोफाइल तिथे अडकतं. आपल्याकडे खासगी नोकरीत वयावरून डावलण्याला थेट मनाई करणारा सर्वसाधारण कायदा नाही, त्यामुळे मॅडमशी भेदभावावरून वाद घालून हाती काही लागत नाही, फक्त त्या पुढच्या वेळी तुम्हाला टाळतील. त्यापेक्षा विचारा, "हा क्लायंट नाही म्हणाला तर मालकच कारखाना चालवतो असं कोणी आहे का?" भोसरी, तळेगाव, रांजणगावला अशी मध्यम युनिट्स भरपूर आहेत जिथे कस्टमर ऑडिट डोक्यावर असतं आणि आयएटीएफची सिस्टीम सांभाळणारा माणूस नसतो. तिथे तुमच्या वयाचं कोणी विचारत नाही, उलट ऑडिटरसमोर बसायला पिकलेलं डोकं त्यांना बरं वाटतं. पगार थोडा कमी असतो, ते खरं.

मेल आजच टाका, फोन ताजा आहे तोवर. तीन-चार दिवसांत काही आलं नाही तर एक व्हॉट्सॲप, "मॅडम, क्लायंटकडून काही फीडबॅक?" एवढंच, रोज नाही. आणि डॅशबोर्ड दाखवणार असाल तर जुन्या कंपनीची फाइल तशीच उघडू नका, कस्टमरचं नाव, पार्ट नंबर, खरे पीपीएम सगळं काढून डमी डेटावर पुन्हा बांधा. जुन्या मालकाचा डेटा बाहेर दाखवणारा क्वालिटी मॅनेजर कोणालाच नको असतो. आणि बांधताना हात पुन्हा बसेल, कारण इंटरव्ह्यूत एखादा पोरगा "सर, यात शिफ्टचा फिल्टर लावून दाखवा" म्हणतोच.