सात वाजताचा फोन

"पाच महिन्यांपूर्वी बाबा हार्टअटॅकने गेले. ते एसटीत चालक होते. दिवसकार्य, बँक, पीएफ सगळं मीच पाहिलं, एकदाही रडले नाही. मी पुण्यात एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. बाबांचा रोज सात वाजता फोन यायचा. आता ऑफिसात अचानक रडू येतं, आकडे चुकतात. मध्ये आठ-दहा दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. दुःखाच्या पायऱ्या असतात म्हणतात, मी तर मागेच जातेय. मामा म्हणतात, आता तूच घरातला मुलगा, रडत बसू नकोस. नोकरी सोड, नाशिकला ये, अनुकंपाचं बघ. राजीनामा लिहून ठेवलाय. देऊ का?" (वय 26)

नको, आत्ता देऊ नकोस. अनुकंपाच्या अर्जाला मुदत असते, म्हणून बाबांच्या कार्यालयात जाऊन नियम आणि शेवटची तारीख लेखी विचारून घे. नुसत्या अर्जासाठी हातातली नोकरी सोडायची गरज नाही.

मला खरी काळजी वाटली ती मामांच्या वाक्याची. त्यांचा जीव तुटतोय हे कळतं, पण ते चुकतायत. जबाबदारी घेतली म्हणून रडायचं नाही, हा सौदा तुझ्यावर कुणी लादू नये. घरातला मुलगा असता तरी त्याचे बाबा गेलेच असते ना?

सुरुवातीला रडली नाहीस, त्यातही काही बिघडलेलं नव्हतं. तेव्हा घर भरलेलं होतं आणि हातात कागद होते. आता माणसं पांगली, कागद संपले, आणि सात मात्र रोज वाजतात. बाबा नाहीत हे तुला माहीत आहे, पण इतक्या वर्षांची फोनची सवय पाच महिन्यांत मोडत नाही. मन वाट बघतं, फोन येत नाही, आणि ते नसणं त्या क्षणी पुन्हा नव्याने कळतं. माझी आई जाऊन आठ महिने झाले होते तेव्हा मी मंडईत पावट्याच्या शेंगा निवडत होते. 'भाव आईला सांगायला हवा' असं मनात आलं आणि पिशवी तिथेच ठेवून मी बाजूला उभी राहिले. त्याआधीचे दोन आठवडे माझे अगदी नीट गेले होते. लाट अशीच एखाद्या वेळेला, वासाला, आवाजाला बांधलेली असते. म्हणून ती न सांगता आल्यासारखी वाटते.

आता त्या पायऱ्यांबद्दल. एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी 1969 मध्ये पाच अवस्था मांडल्या, त्या स्वतःचा मृत्यू समोर दिसणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना तो जिना नंतर चिकटवला गेला. पुढे 1999 मध्ये मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांनी जे मांडलं, ते तुझ्या पत्राशी जास्त जुळतं. माणूस कधी गेलेल्याच्या आठवणीत असतो, कधी बिलं, नोकरी, घर यांत, आणि या दोन्हींत येजा करतो. ही येजा चालू असणं हेच सावरणं आहे. त्यामुळे ते बरे गेलेले दिवस म्हणजे बाबांना विसरणं नाही, आणि पुन्हा रडू येणं म्हणजे मागे जाणंही नाही.

ऑफिसात साहेबांना एकदाच, मोजक्या शब्दांत सांग: "वडील गेल्यापासून माझं लक्ष मध्येच तुटतं. पुढचे तीन महिने माझ्या एंट्री दुसऱ्या कुणी तपासाव्यात." ही सवलत मागणं नाही, चूक बाहेर जाण्याआधी पकडणं आहे. जीएसटीचं रिटर्न किंवा मोठं पेमेंट सकाळी कर, सातच्या आसपास ठेवू नकोस. त्या वेळी ऑफिसात असलीस तर दहा मिनिटं खाली जा आणि आईला फोन लाव. तिचेही सात वाजत असतील. लाट आली की वहीत वेळ आणि आधी काय घडलं ते लिही. महिन्याभरात तुझ्या जागा तुलाच दिसतील.

मधले बरे दिवस नाहीसेच झाले, सगळंच सपाट वाटू लागलं, आपण निरुपयोगी आहोत असं सतत वाटलं, तर ती लाट नव्हे, डॉक्टरांना दाखव. बाबा गेल्याला सहा महिने उलटून बराच काळ गेला तरी रोजची ओढ इतकी तीव्र राहिली की काम आणि घर दोन्ही अडलं, तरीही दाखव. आणि जगू नये असा विचार आला तर त्याच क्षणी 14416 या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर फोन कर. चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

नाशिकला जायचं की नाही हे वर्षश्राद्धानंतर आईशी बोलून ठरव, मामांशी नव्हे. आणि त्या आठवड्याची रजा आत्ताच टाकून ठेव.