मनातलं सांगितलं, आता ती टाळते

मी तिला मनातलं सांगितलं, तेव्हापासून ती टाळते. ग्रुप एकच, रविवारी सगळे शिवाजी पार्कला भेटणार. कसं वागू?

जा, इतरांशी बोलता तेवढंच तिच्याशी बोला आणि तिला एकटं गाठू नका. मी अशा प्रकारात समोरच्या बाजूला होते. राग नव्हताच, तो पुन्हा विचारेल ही धास्ती होती. परतताना त्यानं दादरला मुद्दाम माझी लोकल सोडली, वडापाव खात मागे थांबला, तेव्हा कुठे मी सैल झाले. 'रागावलीस का?' असले मेसेज नकोत, तिला पुन्हा उत्तर द्यावं लागतं. मित्रांना मध्ये घातलंत तर ग्रुपभर चर्चा, मग ती येणंच बंद करेल. मात्र तिनं होय-नाही काहीच म्हटलं नसेल, तर एकदाच लिहा: 'उत्तर नको, पुन्हा विचारणार नाही.'