वाडी, गाव, पूर, नगर: शेवटावरून वस्तीचं वय कळतं का?

प्रश्न: आमचं गाव जाधववाडी. एका बाजूला वडगाव, ओढ्यापलीकडे रामपूर, आणि रस्त्यालगत आता शिवाजीनगर म्हणून नवी वस्ती झाली आहे. या शेवटांवरून कोणती वस्ती जुनी, कोणती कुणी वसवली, हे सांगता येतं का?

उत्तर: बरंच सांगता येतं. फक्त शेवटाचा कोशातला अर्थ पाहून थांबू नका. तो शेवट आज बोलण्यात जिवंत आहे का, हे आधी पाहा. वय ठरवायला अर्थापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

सोप्या उदाहरणापासून सुरुवात करतो. एकाच जिल्ह्यात अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) आहे आणि संगमनेरही आहे. दोन्ही नावांच्या शेवटी मुळात एकच शब्द आहे, नगर. प्राकृतात दोन स्वरांमधला 'ग' गळाला, नगरचं 'नयर' झालं आणि पुढे ते 'नेर' असं आखडलं. संगमनेर म्हणजे प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावरचं नगर. अहमदनगर मात्र अहमद निजामशहाने १४९० मध्ये वसवलं. तोवर मराठीतली ही गळती कधीच थांबली होती. त्यामुळे पाचशे वर्षं लोकांच्या तोंडी राहूनही त्याचं 'अहमदनेर' झालं नाही. लोकांनी उलट पहिला भाग टाकला आणि नुसतं 'नगर' ठेवलं.

आता यातला खरा उपयोगाचा भाग. 'नेर' हा सुटा शब्द मराठीत उरलेला नाही. "आमच्या नेरात" असं कुणी म्हणत नाही. म्हणून गेल्या काही शतकांत कुणी नवी वस्ती वसवून तिला नेर लावलं असण्याची शक्यता फार कमी. पारनेर, अमळनेर, पिंपळनेर अशी नावं दिसली की तो शेवट बोलण्यात असतानाच्या काळाकडे बोट जातं. पहिल्या भागाबद्दल वाद असू शकतो. पारनेरचं नाव पराशर ऋषींशी जोडतात, ते खरं मानायचं की मागाहून रचलेली कथा समजायची हा वेगळा प्रश्न आहे. शेवटाची साक्ष त्या वादावर अवलंबून नाही.

डोंबिवली, बोरिवली, कांदिवली यांतला 'वली' त्याच जातीचा. मूळ शब्द पल्ली, म्हणजे लहान वस्ती. दक्षिणेत तो तिरुचिरापल्लीत तसाच दिसतो आणि कन्नडमध्ये 'हळ्ळी' होतो. आपल्याकडे 'प'चा 'व' झाला आणि शब्द म्हणून तो मेला, नावांत तेवढा राहिला.

गाव आणि वाडी यांचं तसं नाही. ग्राम, गाम, गाव हा प्रवास जुना आहे (गुजराती 'गाम'वरच थांबली), आणि वाटिकेची वाडी होणंही जुनंच. पण हे दोन्ही शब्द आज रोजच्या बोलण्यात आहेत. काल वसलेल्या वस्तीलाही 'नवेगाव' म्हणता येतं. म्हणून तुमचं वडगाव केवळ 'गाव' आहे म्हणून जुनं ठरत नाही. तिथे वडाखेरीज कुणाचंच नाव नाही, ना राजाचं ना घराण्याचं, यावरून एवढंच कळतं की ते नाव कुणी समारंभाने ठेवलेलं नसावं, आजूबाजूच्या लोकांनी खुणेसाठी वापरता वापरता ते रुळलं असावं. एकाच तालुक्यात दोन-तीन वडगावं आणि पिंपळगावं सापडतात ती यामुळेच.

वडगावापुढे बुद्रुक किंवा खुर्द असेल तर आणखी एक गोष्ट कळते. पुण्याजवळ वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द ही जोडी आहे. बुद्रुक हा फारसी 'बुजुर्ग'चा मराठी अवतार, खुर्द म्हणजे धाकटं. ही विशेषणं फारसी वळणाच्या दप्तरातून आली. ती गावाचं वय सांगत नाहीत, एका नावाच्या दोन वस्त्या कागदावर वेगळ्या मोजाव्या लागल्या तो काळ सांगतात. आज खुर्द बुद्रुकपेक्षा मोठं झालेलं असू शकतं.

पूर हा या सगळ्यांत सर्वांत फसवा शेवट, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबतो. पुर म्हणजे मुळात तटबंदीचं ठिकाण, पुढे शहर. बोलीत तो सुटा वापरात नाही, पण संस्कृत जाणणाऱ्याला तो कायम हाताशी असतो. प्रतिष्ठा द्यायची असेल तेव्हा कोणत्याही शतकात तो कोणत्याही नावाला जोडता येतो. मुसलमानी राजवटींनाही तो परका वाटला नाही. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी बुऱ्हाणपूर वसवलं, त्यात सूफी संताचं अरबी नाव आणि संस्कृत पूर सुखाने एकत्र नांदतात. म्हणजे पूर दिसलं की हिंदू राजा आणि प्राचीन शहर, हा निष्कर्ष टिकत नाही.

पंढरपूरचं पाहा. इ. स. ५१६ च्या सुमाराचा, अविधेय नावाच्या राष्ट्रकूट राजाचा एक ताम्रपट आहे. त्यात पांडरंगपल्ली या गावाचं दान आहे, आणि ते आजचं पंढरपूर असं अनेक अभ्यासक मानतात. शेवट पल्ली आहे हे लक्षात घ्या: शहर नाही, खेडं. पुढे १२३७ चा होयसळ राजा सोमेश्वराच्या काळचा लेख विठ्ठलमंदिरातच आहे. त्यात भीमरथीच्या काठचं हे गाव 'पंडरगे' म्हणून येतं. हे वळण कानडी आहे, आणि त्यात पल्लीही नाही, पूरही नाही. नंतर १२७० च्या एका लेखात तिथे झालेल्या यज्ञाचा उल्लेख येतो आणि ठिकाणाचं नाव येतं 'पांडुरंगपूर'.

तेव्हा पंढरपूर या नावातला पूर वस्तीच्या जन्माची साक्ष देत नाही. वस्ती त्याआधी निदान सात शतकं होती. क्षेत्राचं माहात्म्य वाढलं, यज्ञयाग करणारे, संस्कृतात लेख कोरवणारे लोक आले, आणि खेड्याच्या नावाला शहराचा शेवट मिळाला, असं या क्रमावरून दिसतं. वारकऱ्याने मात्र तो शेवट फारसा मनावर घेतला नाही. तो आजही पंढरीला जातो आणि पंढरीनाथाला भेटतो. मला स्वतःला 'पंढरी' हे रूप 'पंडरगे'च्या जास्त जवळचं वाटतं.

सोलापूरची गोष्टही अशीच. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचं गाव सोन्नलिगे. आजच्या नावातला 'सोल' त्याच 'सोन्नल'मधून आला आणि पूर मागून चिकटला. 'सोळा गावांचं मिळून सोलापूर' ही लोकप्रिय व्युत्पत्ती या जुन्या नावापुढे टिकत नाही. लातूरचा नमुना तर आणखी बोलका आहे. राष्ट्रकूट आणि रट्ट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत. लट्टलूरमध्ये द्राविडी 'ऊर', म्हणजे गाव, आधीच होता, त्यावर बिरुदात पुर चढला. इथला पुर बिरुदाबाहेर रुजला नाही, पंढरपूरला रुजला.

तुमच्या रामपूरबद्दल म्हणून माझा पहिला प्रश्न असा, की त्याचं त्याआधीचं नाव काय होतं? म्हातारी माणसं बोलताना दुसरंच काही म्हणतात का? शेतांची, ओढ्याची, माळाची नावं सहसा कुणी बदलत नाही, त्यांत जुनं नाव अडकलेलं असू शकतं.

वाडी हा शेवट मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तो फारसा कुणी मोठेपणासाठी लावत नाही. देशावर वाडी म्हणजे मूळ गावापासून फुटून शेताजवळ राहायला गेलेली वस्ती. पुढचा शब्द आडनावाचा असेल, जसं तुमच्याकडे जाधव, तर ती एका भावकीची. कुंभारवाडी, सुतारवाडी असेल तर ती व्यवसायाची. म्हणजे वाडीच्या नावात वसवणारा बहुधा सापडतो, आणि तिला एक आईगाव असतं. ते शोधायच्या खुणा अशा: जुनी पाटीलकी कोणत्या गावात होती, वेस कुठे आहे, पोळ्याला तुमचे बैल पूर्वी कोणत्या मारुतीपुढे नेत, जत्रेत तुमच्या भावकीचा मान कोणत्या देवळात आहे. जुन्या सातबाऱ्यावर गावाच्या रकान्यात जाधववाडी लिहिलंय की दुसरंच नाव, तेही बघा. बऱ्याच वाड्या स्वतंत्र महसुली गाव म्हणून फार उशिरा वेगळ्या झाल्या, त्याआधीचे त्यांचे कागद आईगावाच्या नावाने आहेत. आणखी एक खूण जमिनीत असते. जुन्या गावाखाली पांढरीची माती असते, शतकानुशतकं घरं पडून-उठून झालेली, खापऱ्यांनी भरलेली. वाडी अलीकडची असेल तर घरांखाली थेट शेतातली काळी किंवा मुरूम लागतो.

एक सावधगिरी. कोकणात वाडी हा गावाचाच एक भाग असतो, वरची वाडी, तेलीवाडी असा, आणि तो गावाएवढाच जुना असू शकतो. शिवाय तिथे वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बागही. मुंबईत गिरगावातल्या फणसवाडी, केळेवाडी या नावांत लोकवस्तीपेक्षा झाडांची आठवण आहे. गिरगाव, माझगाव ही नावं मात्र सरळ सांगतात की इथे आधी गावं होती. आणि वाडी लहानच राहते असंही नाही: सावंत-भोसल्यांची वाडी संस्थानची राजधानी झाली, तरी नाव सावंतवाडीच राहिलं.

शिवाजीनगरसारख्या नावांचा उलगडा सर्वांत सोपा. विसाव्या शतकात नगर हा शेवट नगररचनेच्या, वसाहतींच्या आणि सरकारी कागदांच्या भाषेत पुन्हा जिवंत झाला. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या कल्याण कॅम्पचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. पुढचा शब्द थोर पुरुषाचा, शेवट अखंड 'नगर', आणि जागा हमरस्त्यालगत, असं असेल तर नाव बहुतेक गेल्या शंभर वर्षांतलं. पण नाव नवं म्हणून जागाही नवी, असं लगेच धरू नका. मलिक अंबरने राजधानी केली ती खडकी. त्याच्या मुलाने तिचं फतेहनगर केलं, औरंगजेबाने औरंगाबाद, आणि आता ते छत्रपती संभाजीनगर आहे. या चारांतलं पहिलं नाव तिथल्या खडकाळ जमिनीवरून पडलेलं, बाकीची तिन्ही सत्तेने दिलेली.

तेव्हा तुमच्या चार नावांचा माझा अंदाज असा: वडगाव आईगाव असण्याची शक्यता सर्वांत जास्त, जाधववाडी त्यातून फुटलेली, शिवाजीनगर सर्वांत अलीकडचं. रामपूर कुठेही बसू शकतं. वडगावच्या मारुतीपुढे जाधवांचा मान आहे का, तेवढं एकदा विचारून कळवा. मान असेल तर पहिल्या दोघांचं नातं बऱ्यापैकी पक्कं होईल.