माटवीखालून भाऊंची वाट

*ताई, आमचं घर देवगडजवळ, जुनं कौलारू. सासऱ्यांना, म्हणजे भाऊंना, काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, बाजूचं जवळजवळ नाही. गेल्या चवथीला सजावटीच्या वायरीत पाय अडकून ते पडले. यंदा नवरा म्हणतो, भाऊंना पाचही दिवस खोलीतच बसवूया. पण गणपतीवर टांगायची फळापानांची माटवी दरवर्षी तेच बांधतात. मग सजावट करूच नको का? – एक सून*

सजावट करा, आणि माटवी भाऊंनाच बांधू द्या. खोलीत बसवलंत तर पडण्याचा धोका एका वाटेवरचा कमी होईल, पण ज्या घरात त्यांचा जन्म गेला तिथेच ते पाहुणे होतील. यजमानांना माझा हा निरोप सांगा.

काचबिंदूत नजर बहुतेकदा कडेने जाते आणि गेलेली परत येत नाही. माणूस नळीतून पाहिल्यासारखं पाहतो, म्हणून समोर उभ्या नातवाला ओळखणारे भाऊ पायाशी ठेवलेल्या समईला धडकतात. शिवाय उजेडातून अंधारात आल्यावर त्यांच्या डोळ्यांना सरावायला वेळ लागतो. खळ्यातून माजघरात आले की पहिली काही पावलं ते जवळजवळ अंदाजानेच टाकत असणार.

म्हणून आधी त्यांची वाट ठरवा: पडवीतल्या खाटेपासून माजघरातल्या गणपतीपर्यंत आणि तिथून मागच्या न्हाणीपर्यंत. ही वाट तीन फूट रुंद, पूर्ण मोकळी. तिच्यावर समई, पाट, पायपुसणं, पाहुण्यांच्या पिशव्या, काही नको. वायर भिंतीच्या वरच्या कडेने न्या. समई वाटेपासून दूर, चौरंगावर ठेवा. रांगोळी दाराच्या मधोमध न काढता एका बाजूला काढा. फरशीवर ठळक नक्षी असली की ती त्यांना पायरीसारखी वाटू शकते आणि काळं पायपुसणं खड्ड्यासारखं. माटवीचं कवंडळ, सुपारीचे घोस हवे तेवढे टांगा, पण वाटेवर सात फुटांच्या खाली काही लोंबू देऊ नका. वरच्या बाजूचंही त्यांच्या नजरेतून सुटतं.

आता उंबरठा. तुमच्याकडे लाल कोबा आणि त्यावर काळपट सागवानी उंबरठा असेल, तर दोन्ही गडद, म्हणून संध्याकाळी उंबरठा त्यांना दिसतच नाही. वरच्या कडेला दोन इंच रुंद पिवळी, चकाकी नसलेली चिकटपट्टी लावा, येताना आणि जाताना दोन्ही बाजूंनी दिसेल अशी. फक्त कडेलाच लावा. सगळा उंबरठा पिवळा केलात तर कड नेमकी कुठे संपते ते कळणार नाही. चालतंय का ते बघायला संध्याकाळी सजावटीचे दिवे लावून मोबाईलवर त्या जागेचा काळापांढरा फोटो काढा. फोटोत पट्टी फरशीत विरून गेली, तर रंग बदला.

खळ्यातल्या जांभ्याच्या पायऱ्यांचं मात्र घाईत करू नका. पावसात त्यांच्यावर शेवाळ येतं, चिकटपट्टी टिकत नाही आणि ओल्या दगडावर दिलेला रंग सुटून येतो. ऑइलपेंट तर ओला झाला की निसरडा होतो आणि चमकतोही. चवथीआधी तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडून काढा, एका बाजूला हाताला धरायला बांबू पक्का बांधा आणि तिथे भाऊंसोबत कुणी असू द्या. दिवाळीनंतर दगड सुकले की प्रत्येक पायरीच्या कडेवर सिमेंटचा पट्टा ओढून घ्या आणि त्यावर चाळलेली वाळू मिसळलेला पिवळा रंग द्या.

दिव्यांबाबत तुम्हाला थोडी कुरकुर ऐकावी लागेल. लुकलुकणाऱ्या माळा आणि गणपतीमागून थेट डोळ्यांवर येणारा झोत त्यांना सर्वांत त्रासदायक, कारण चकाकीत उरलेली नजरही निष्प्रभ होते. माळा स्थिर ठेवा आणि झोत मूर्तीवर किंवा भिंतीवर पडेल असा वळवा. वाटेवर मात्र भरपूर, सारखा उजेड हवा. पावसात वीज जाते, तेव्हा आपोआप लागणारा एक दिवा उंबरठ्याजवळ आणि एक न्हाणीच्या दारात लावा.

जेवणाचं तुमच्याकडे आधीच उत्तम आहे. केळीच्या हिरव्या पानावर पांढरा भात आणि मोदक त्यांना पांढऱ्या ताटापेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतील. त्यांच्यापुरतं पान रोजच ठेवा.

ही वाट टिकवणं मात्र सजावटीपेक्षा कठीण. आरतीला माणसं जमली की खुर्च्या सरकतात, चपला दाराशी पसरतात, मुलं पाट मध्येच टाकतात. आरतीनंतर वाट पुन्हा मोकळी करायचं काम घरातल्या एका मोठ्या मुलाच्या नावे लावून टाका. आणि माटवी बांधताना भाऊंना शिडीवर चढू देऊ नका. त्यांनी खाली बसून घोस बांधावेत, कुठे काय टांगायचं ते सांगावं, वर चढायला तुमचे यजमान आहेतच.

डोळ्यांचे थेंब याच दिवसांत हमखास चुकतात. ते ठरल्या वेळी घालायला एखाद्याला नेमा. आणि डोळा लाल होऊन खूप दुखला, नजर एकदम धूसर झाली किंवा दिव्याभोवती रंगीत वलयं दिसू लागली, तर विसर्जनाची वाट न पाहता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.